बंबाची खपली आणि गुणिले दहा

जर्नल म्हणजे सीनियरचं बघून उतरवायची वस्तू, हे आमच्या बीएस्सीच्या वर्गात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्रीच्या मॅडमनी एका प्रॅक्टिकलपुरतं ते बंद पाडलं. प्रत्येकीनं आपापल्या घरचं पाणी बाटलीत आणायचं, ईडीटीए नावाच्या रसायनाच्या टायट्रेशननं त्याचा हार्डनेस म्हणजे जडपणा काढायचा आणि चार-पाच पानांचा पूर्ण रिपोर्ट लिहायचा. तो मॅडमकडं न देता वर्गातल्याच दुसऱ्या मुलीकडं द्यायचा. तिनं वाचून पानभर रिव्ह्यू लिहायचा, मग मूळ लिहिणारीनं आठवड्याभरात रिपोर्ट सुधारायचा. मार्क सुधारलेल्या रिपोर्टला, आणि रिव्ह्यूला वेगळे पाच.

पाच मार्क म्हटल्यावर माझा समज असा झाला की जितक्या चुका काढू तितकं बरं.

माझ्या वाट्याला निपाणीकडच्या एका मैत्रिणीचा रिपोर्ट आला. खुणा करायला मी त्याची झेरॉक्स काढून घेतली. त्या संध्याकाळी खानापूरच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, मी लाल पेन काढलं आणि देसूर जायच्या आत पहिलं पान रंगवून टाकलं. रिपोर्ट इंग्लिशमध्ये होता. ती मराठी शाळेतली, मीही मराठी शाळेतली. तिची क्रियापदं कुठंकुठं घसरलेली, आणि ती दुरुस्त करताना मला जरा मजाच येत होती हे कबूल करते. घरी पोचल्यावर मोजलं तर तेवीस खुणा. त्यातल्या एकोणीस इंग्लिशच्या.

एक खूण वेगळी होती. इंट्रोडक्शनच्या शेवटी तिनं लिहिलं होतं की त्यांच्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, आणि अंघोळीच्या बंबात आतून पांढरी खपली धरते, ती वर्षातून दोनदा आईला खरवडून काढावी लागते. त्या वाक्यांना मी आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘घरगुती माहिती, काढून टाक.’ आमचं गाव खानापूरच्या पश्चिमेला, जांभ्यात. आमच्या विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस धुऊन संपत नाही. बंबात खपली धरते हे मी कधी बघितलेलंच नव्हतं, त्यामुळं सायन्सच्या रिपोर्टात हे कशाला, असं मला मनापासून वाटलं.

कॅल्क्युलेशनचं पान मात्र मी नीट तपासलं. म्हणजे, तेव्हा तसं वाटलं. टेबल असं होतं: ब्युरेटची पहिली रीडिंग ०.० ते १३.१, दुसरी १३.१ ते २५.५, तिसरी २५.५ ते ३७.९. वजाबाकी केली. १३.१, १२.४, १२.४. बरोबर. मग १२.४ गुणिले १० म्हणजे लिटरला १२४ मिलीग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. मोबाइलवर करून बघितलं, बरोबर. समासात टिक मारली. कन्क्लुजनमध्ये तिनं लिहिलं होतं की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण हार्डनेसची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे, आमचं पाणी त्याच्या आत आहे. तिथंही टिक.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वतःच्या रिपोर्टचा रिव्ह्यू हातात आला. तीन ओळी होत्या. रिपोर्ट छान आहे, अक्षर सुंदर आहे, कन्क्लुजन अजून थोडं चांगलं लिहायला हवं. मी तो उलटसुलट करून बघितला. थोडं चांगलं म्हणजे काय करू? जास्त लिहू, कमी लिहू, की दुसरं काही लिहू? त्या रिव्ह्यूत एवढं वाईट काही नव्हतं, उलट गोडच होता, पण तो हातात धरून मी माझ्या रिपोर्टातला एक शब्दसुद्धा हलवू शकत नव्हते. मग माझा लाल कागद आठवला. तो वाचून माझ्या मैत्रिणीला एकोणीस क्रियापदं बदलता आली असती आणि रिपोर्ट होता तिथंच राहिला असता.

म्हणून दुपारी लायब्ररीत तिचा रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. या वेळी पेन बॅगेतच ठेवलं. आधी एका कोऱ्या कागदावर दोन ओळींत लिहिलं की हा रिपोर्ट काय म्हणतोय: निपाणीकडच्या एका विहिरीचं पाणी, घरात जड पाण्याची सगळी लक्षणं, मोजल्यावर १२४, म्हणजे मर्यादेच्या बरंच आत.

ते लिहिता लिहिताच अडखळले. डाळ शिजत नाही, बंब खपलीनं भरतो, आणि निकाल म्हणतो की विशेष काही नाही. दोन्ही एकाच रिपोर्टात. जे वाक्य मी खोडलं होतं तेच आता निकालाकडं बोट दाखवत होतं.

म्हणून कॅल्क्युलेशन परत बघितलं, पण या वेळी गुणाकार न बघता तो १० कुठून आला ते शोधलं. हिशोब सोपा आहे. ०.०१ मोलर ईडीटीएचं एक मिली म्हणजे एक मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. १२.४ मिली लागलं, म्हणजे फ्लास्कमधल्या पाण्यात १२.४ मिलीग्रॅम. फ्लास्कमध्ये पाणी १०० मिली असेल तर लिटरसाठी त्याची दहापट. आमच्या मॅन्युअलमध्ये १०० मिलीचाच प्रयोग आहे, म्हणून तिथं सरळ ‘रीडिंग गुणिले १०’ असं छापलंय. पण त्या दिवशी लॅबमध्ये पन्नासचीच पिपेटं होती, आणि मॅडमनी सगळ्यांना ५० मिली घ्यायला सांगितलं होतं. तिच्या प्रोसिजरमध्ये पान दोनवर स्वच्छ लिहिलेलं होतं, नमुना ५० मिली. पन्नासचं लिटर करायला वीसपट लागते.

```
१२.४ × २० = २४८
```

२०० च्या आत नव्हे, वर.

पहिल्या दिवशी मी टिक कशी मारली? याचं उत्तर मला लगेच कळलं, आणि पोटात खड्डा पडला. माझ्या स्वतःच्या रिपोर्टातही मी १० नंच गुणलं होतं. आमच्या पाण्याला १.६ मिली ईडीटीए लागलं होतं, मी लिहिलं होतं १६. खरं तर ३२. पण १६ काय आणि ३२ काय, पाणी हलकंच, कन्क्लुजन तेच. त्यामुळं मला शंका आली नाही आणि ‘अक्षर सुंदर आहे’ म्हणणारीलाही आली नाही. तीच चूक तिच्या पानावर पडली तेव्हा मात्र निकालच उलटा झाला. हे कळलं नसतं तर मी तिला काय शब्दांत लिहिलं असतं, ते मला माहीत आहे.

आता लिहायचं कसं. पहिला मसुदा झाला, ‘कॅल्क्युलेशन चुकलंय. उत्तर २४८ येतं.’ हे खरं होतं, पण मी स्वतःला तिच्या जागी ठेवून बघितलं. मी काय केलं असतं? १२४ खोडून २४८ केलं असतं आणि झोपले असते. ॲबस्ट्रॅक्टमध्ये १२४ तसंच राहिलं असतं, ‘मर्यादेच्या आत’ हे वाक्य तसंच राहिलं असतं, आणि वीसपट का, हे परीक्षेत विचारलं तर सांगता आलं नसतं. दुसरा मसुदा झाला, ‘गुणक एकदा तपासून बघ.’ हे फारच मोघम. कुठला गुणक, कुठल्या पानावर? तिसऱ्या वेळी मी दोन जागांची नावं शेजारी शेजारी ठेवली आणि मधलं पाऊल तिच्यावर सोडलं:

‘पान २ वर नमुना ५० मिली आहे आणि पान ३ वर रीडिंगला १० नं गुणलंय. १०चा गुणक किती मिली पाण्यासाठी असतो ते एकदा मांडून बघ. आकडा बदलला तर ॲबस्ट्रॅक्ट, मर्यादेशी केलेली तुलना आणि कन्क्लुजन ही तिन्ही पुन्हा वाचावी लागतील. (माझ्या रिपोर्टातही मी हेच केलंय, तुझं वाचताना सापडलं.)’

कंसातली ओळ लिहू की नको यावर बराच वेळ गेला. रिव्ह्यू मॅडमही वाचणार होत्या. शेवटी राहू दिली.

इंग्लिशचा एक प्रश्न होताच. फॉर्म इंग्लिशमध्ये होता, आणि इंग्लिशमध्ये लिहिलं की माझी प्रत्येक सूचना हुकूम सोडल्यासारखी येत होती. हे कर, ते काढ, एवढंच इंग्लिश मला बिनचूक येतं. ‘एकदा मांडून बघ’ मधला ‘एकदा’ त्यात कुठं बसवायचा? मॅडमना जाऊन विचारलं. त्या घरी कन्नड बोलतात, पण बेळगावात जन्म गेलाय. म्हणाल्या, ‘‘लिही की मराठीत. मला वाचता येतंय, तिला वाचता येतंय, आणि कुणाला पाहिजे?’’

मग बाकीचं भराभर झालं असं नाही. १३.१ ही रीडिंग टेबलात होती, पण सरासरीत नव्हती. तिनं दोनदा आलेलं १२.४ घेतलं होतं आणि १३.१ बद्दल एक अक्षर नव्हतं. मी आधी लिहिलं, ‘पहिल्या वेळी एंड पॉइंट चुकवलास.’ मग थांबले. मी तिच्या टेबलावर नव्हते. मला दिसतोय तो कागद, तिचा हात नाही. पहिली रीडिंग आपण अंदाजासाठी घेतो, त्यात थोडं जास्त पडणं नेहमीचंच, पण तसं झालं की दुसरंच काही झालं हे तिलाच ठाऊक. म्हणून तिथं प्रश्न केला: ‘१३.१ सरासरीत का घेतली नाहीस? कारण माहीत असेल तर टेबलाखाली एक वाक्य टाक. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की गैरसोयीची म्हणून वगळली.’

डिस्कशनमध्ये तिनं लिहिलं होतं की निकालात मानवी चुकांमुळं फरक पडला असू शकतो. हे वाक्य वर्गातल्या प्रत्येक रिपोर्टात असतं, माझ्याही. त्याला ‘मोघम आहे’ म्हणणं म्हणजे मोघमाला मोघम म्हणणं. त्यामुळं मी विचार केला की या प्रयोगात नेमकं काय बिघडू शकतं आणि त्यानं आकडा वर जातो की खाली. एरिओक्रोम ब्लॅक टी घातल्यावर पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं, ईडीटीए पडत गेलं की जांभळं, आणि शेवटी स्वच्छ निळं. जांभळ्यावर आल्यावर रंग सावकाश बदलतो. तिथं घाई करून भराभर थेंब सोडले तर जास्त ईडीटीए पडतं आणि हार्डनेस खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. जांभळ्यालाच निळं समजून थांबलं तर उलट. आणि पाणी चार दिवस बाटलीत राहून आतल्या बाजूला पांढरं धरलं असेल, तर तेवढं कॅल्शियम टायट्रेशनला आलंच नाही, आकडा खाली. मी हे सगळं लिहून काढलं आणि बघितलं तर अर्धं पान. तिचं डिस्कशन मीच लिहून देत होते. ते खोडून फक्त एवढं ठेवलं: ‘मानवी चूक म्हणजे इथं कुठली? तुझ्या बाबतीत खरोखर झालेली किंवा होऊ शकणारी एक घे, आणि तिनं हार्डनेस जास्त दिसतो की कमी ते लिही. जांभळा रंग किंवा बाटलीतले चार दिवस, यांतून सुरुवात करता येईल.’

बंबाची खपली मला आता सोडवत नव्हती. तापवल्यावर खाली बसतो तो बायकार्बोनेटचा भाग, म्हणजे तात्पुरता हार्डनेस. ईडीटीए तात्पुरता आणि कायमचा दोन्ही मिळून मोजतं. पाणी उकळून, गाळून पुन्हा टायट्रेशन केलं तर दोन्ही वेगळे काढता येतात. हे लिहिताना मला फार हुशार वाटत होतं. मग लक्षात आलं की आठवड्यात लॅब एकदाच आहे, तीही दुसऱ्या प्रॅक्टिकलची. जे तिला करताच येणार नाही ते रिव्ह्यूत पहिल्या तीनात ठेवलं, तर ती त्याच्याच काळजीत बसेल. ते एका ओळीत शेवटी नेलं आणि वर लिहिलं, ‘या वेळेला नको, पुढं कधी.’

इंग्लिशच्या एकोणीस खुणांपैकी एक शिल्लक ठेवली. प्रोसिजरमध्ये तिचं एक वाक्य असं होतं की बफर आधी की इंडिकेटर आधी ते कळत नव्हतं. तिथं व्याकरणाचा प्रश्न कामाचा होता, कारण ते वाचून दुसऱ्या कुणाला प्रयोग करता आला नसता. शिवाय अमोनिया बफर किती मिली घातलं तेही नव्हतं. पीएच १० च्या आसपास नसेल तर रंग नीट बदलतच नाही. बाकी अठरा तशीच सोडली. ‘स्पेलिंग एकदा बघून घे’ असंही लिहिलं नाही.

आणि सगळ्यात वर काय लिहावं? ‘छान’ लिहायचं नव्हतं. तो शब्द मला सकाळीच मिळाला होता. तिच्या रिपोर्टात खरोखर कामाला आलेलं काय होतं ते बघितलं. वर्गात निम्म्या मुलींनी टेबलात फक्त फरक लिहिला होता, १२.४, १२.४. हिनं ब्युरेटचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा दोन्ही लिहिले होते. त्यामुळंच मला वजाबाकी तपासता आली आणि घोळ टेबलात नाही, पुढं आहे, हे कळलं. ते तसंच लिहिलं, आणि खाली: ‘हा कॉलम सुधारताना काढू नकोस. इंट्रोडक्शनमधलं डाळीचं आणि बंबाचं वाक्यही ठेव. मी आधी ते खोडलं होतं, पण त्याच्यामुळंच मला शंका आली. डिस्कशनमध्ये आकड्याशी जोडता आलं तर बघ.’

एक पान झालं. लाल खुणांची झेरॉक्स मी फाडून टाकली आणि तिला तिचा मूळ रिपोर्ट स्वच्छ परत दिला. झेरॉक्सचे पाच रुपये माझे.

सेंट्रल बसस्टँडवर तिनं गाठलंच. ‘‘काय गे, लई चुका काढलीस काय?’’

‘‘वाच की आधी.’’

तिनं तिथंच उभ्याउभ्या वाचलं. निपाणीची गाडी लागली होती तरी वाचत राहिली. मधेच बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, ‘‘वीस. वीसनं गुणायचं. अय्यो.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘म्हणजे आई बरोबर म्हणत होती.’’

घाबरली होती ती. २०० च्या वर म्हणजे पाणी वाईट, पिऊ नये, असं तिला वाटलं. माझ्या रिव्ह्यूत ही उणीव राहिली होती. त्याच मानकात पुढच्या रकान्यात लिहिलंय की दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. मर्यादा ओलांडली असं तिला लिहायला लावलं, पण पूर्ण मर्यादा कशी वाचायची ते सुचवलं नाही. तिथंच तोंडी सांगितलं. तिनं समासात पेन्सिलनं ६०० लिहून घेतलं आणि गाडी हलताना पायरीवर चढली.

पुढच्या आठवड्यात सुधारलेला रिपोर्ट मी बघितला. १३.१ खाली वाक्य होतं: पहिल्या वेळी जांभळा रंग निळा होईपर्यंत थांबले नाही, थेंब पडत राहिले. मानवी चूक हा शब्द गेला होता. बाटलीचे चार दिवस तिनं घेतले नाहीत. समासात मला उत्तर लिहिलं होतं की बाटली काचेची होती, आतून हात फिरवून बघितलं, काही धरलेलं नाही. म्हणजे माझी ती शंका निकाली. कन्क्लुजन मात्र दोन ओळी वाढलं होतं, २०० आणि ६०० दोन्ही घेऊन.

मीही माझ्या रिपोर्टात १६चे ३२ केले. मला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून का बदललं याची एक ओळ घातली आणि तिच्या रिपोर्टाचा उल्लेख केला.

प्रॅक्टिकलच्या दिवशी ती कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन आली. बंबाची खपली, नखाएवढी, अंड्याच्या टरफलासारखी. मॅडम दुसऱ्या टेबलावर होत्या तेवढ्यात आम्ही ती वॉच ग्लासवर ठेवून वरून पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब सोडले. फसफसून बुडबुडे आले, आणि ती ‘‘बघ, बघ की गे’’ म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडली की मॅडम वळल्या. काय चाललंय म्हणून विचारलं. सांगितल्यावर जवळ येऊन वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, ‘‘वॉच ग्लास धुऊन ठेवा दोघींनी.’’